मदरशातली दहावी

देवबंद पठडीच्या मदरशांत ‘दर्स-ए-निझामी’ हा अभ्यासक्रम असतो. आधी अरबी व्याकरण, पुढे तर्कशास्त्र, फिक्ह म्हणजे धर्मशास्त्र, आणि शेवटचं वर्ष मुख्यतः हदीसचं.

यासोबत दहावी करायची तर सोयीची वाट म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था (एनआयओएस). तिथे पाच विषय लागतात, त्यांत उर्दू आणि अरबी चालतात. विषय सुटे सुटे, पाच वर्षांत काढता येतात. मला ही सवलत फार मोलाची वाटते. गणित-विज्ञान टाळणाऱ्यांची पुढची विज्ञानशाखा मात्र बहुधा बंद होते.

खरी अडचण कॅलेंडरची. मदरशाची वार्षिक परीक्षा साधारण शाबान महिन्यात, आणि चांद्रवर्ष दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतं. २०१८ मध्ये शाबान एप्रिल-मेमध्ये आला, नेमका मुक्त विद्यालयाच्या परीक्षेच्या हंगामात. अशा वर्षी ऑक्टोबरची फेरी धरावी.