खाडा पडल्यानंतरचा निरोप

रोज रात्री जेवणानंतर वीस मिनिटं चालायचं ठरवून एका शिक्षिकेनं फोनवर ॲप घेतलं आहे, असं समजू. एकोणीस दिवस नीट गेले. मंगळवारी पाहुणे आले आणि चालणं राहिलं. बुधवारी सकाळी सातला निरोप आला: ‘तुमची १९ दिवसांची साखळी तुटली! पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करा.’ निरोपात खोटं काही नाही, पण बुधवारचंही चालणं बुडवायला तो पुरेसा आहे.

पीटर हर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात केलेल्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलं होतं. खाण्यावर ताबा ठेवणाऱ्यांना आधी मिल्कशेक प्यायला लावला, की पुढे ठेवलेलं आइस्क्रीम ते कमी नव्हे, उलट जास्त खात. पथ्य एवीतेवी मोडलंच आहे, मग आज खाऊन घेऊ, हा तो विचार. साखळी तुटल्याचा निरोप हाच विचार माणसाच्या हातात आणून देतो. एकोणीस दिवसांचा शून्य झाल्यावर आज चालून मिळणार काय, तर एक. तो उद्या चालूनही मिळेल.

प्रत्यक्षात मात्र शून्य झालेलं नसतं. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींची ८४ दिवस नोंद ठेवली. तो अभ्यास २०१० साली छापून आला. सवय अंगवळणी पडायला लागणारा काळ माणसागणिक फार वेगळा निघाला, पण एखादा दिवस हुकल्यानं सवय घडण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. जेम्स क्लिअर यांच्या २०१८च्या ‘ॲटॉमिक हॅबिट्स’ या पुस्तकामुळे लोकप्रिय झालेला ‘सलग दोनदा चुकवू नका’ हा नियम इथे उपयोगी पडतो. तो कालचा दिवस सोडून देतो आणि सगळं वजन आजच्या दिवसावर टाकतो. निरोपानंही तेच करायला हवं.

म्हणून पहिला बदल वेळेचा. सकाळी सातला त्या बाईंना शाळेची घाई असते; तेव्हा वाचलेल्या निरोपावर करण्यासारखं काहीच नसतं, फक्त अपराधीपणा दिवसभर सोबत राहतो. निरोप रात्री, जेवण आटोपण्याच्या सुमारास यावा. दुसरा बदल कामाच्या मापाचा. ज्या दिवशी परतायचं, त्या दिवशी वीस मिनिटं मागू नयेत. ‘आज जेवणानंतर पाच मिनिटं, कोपऱ्यापर्यंत जाऊन या. तेवढंही आजच्या दिवसात धरलं जाईल. आतापर्यंत १९ दिवस चाललात, ते जमेस आहेत.’ एवढा निरोप पुरतो. त्यात ‘काल’ नाही, ‘तुटली’ नाही, आणि उद्गारचिन्हही नाही. ‘आज चुकलं तर सगळं गेलं’ असा धाकही मला त्यात नको वाटतो, कारण गुरुवारी तोच धाक उलटतो.

खालीच एक बटण द्यावं: ‘काल चालले होते, नोंदवायचं राहिलं’. चाललेल्या माणसाला हुकल्याचा निरोप गेला, तर पुढच्या निरोपांवरचा विश्वास उडतो. सुट्टीचा म्हणून आधीच ठरवलेला दिवस खाड्यात मोजायचा नाही, हेही तितकंच महत्त्वाचं.

परतण्याच्या क्षणाला किती किंमत आहे, ते २०२१ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अमेरिकी प्रयोगात दिसलं. एका व्यायामशाळा-साखळीच्या ६१ हजारांवर सदस्यांवर व्यायाम वाढवण्याचे ५४ उपाय करून पाहिले. सर्वात सरस ठरला तो हुकलेल्या व्यायामानंतर परत येणाऱ्याला काही सेंट किमतीचे जादा गुण देणारा. पण चार आठवड्यांचा कार्यक्रम संपल्यावर बहुतेक उपायांचा परिणाम ओसरला, हेही त्याच प्रयोगानं दाखवलं.

दुसरा दिवसही गेला, तर हा नियम तिथे संपतो आणि तोच निरोप पुन्हा पाठवणं म्हणजे टोचणी. तिसऱ्या दिवशी विचारावं: ‘रात्रीची वेळ जमत नाहीये का? वेळ बदलू, की थोडे दिवस थांबू?’ आजारपण असेल, तर थांबण्याचं बटण दाबताच निरोप खरोखर बंद व्हायला हवेत. आणि गोळ्यांच्या बाबतीत हा साचा उचलू नये. तिथे ‘भरून काढा’ असा नुसता भास झाला, तरी कुणी दोन गोळ्या एकदम घेईल. हुकलेल्या गोळीचं काय करायचं ते औषधागणिक बदलतं आणि डॉक्टरच सांगू शकतात.

निरोप लागू पडतोय का, हे तो किती जणांनी उघडला यावरून कळत नाही. एकच दिवस हुकलेल्यांपैकी निम्म्यांना, चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून, निरोप पाठवायचा आणि निम्म्यांना नाही; मग दुसऱ्या दिवशी दोन्हीकडचे किती जण परतले ते पाहायचं. सोबत निरोप कायमचे बंद करणाऱ्यांची संख्या पाहायची, आणि रात्री पावणेबाराला झालेल्या पाच मिनिटांच्या नोंदीही. त्या एकाएकी वाढल्या, तर लोक चालत नसून आकडा वाचवत आहेत, अशी शंका घ्यायला जागा आहे.