परवानगीविना छापलेल्या लेखाबद्दल

आपल्या लेखातलं एखादं वेगळं वाक्य अवतरणचिन्हांत घालून गूगलवर शोधलं, की तो कुणी उचलला असल्यास बहुधा सापडतो. सापडताच संतापून लिहायला बसू नये. आधी त्या पानाचा पत्ता आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा आणि web.archive.org वर त्याची प्रत जतन करावी. पत्र पोचल्यावर ते पान गुपचूप बदललं जाऊ शकतं, मग हातात पुरावा उरत नाही.

समजा, रत्नागिरीच्या एका लेखिकेचा कोकम आगळावरचा लेख असा उचलला गेला. तिचं पत्र एवढंच असावं:

‘नमस्कार. “कोकम आगळ” हा माझा लेख माझ्या संकेतस्थळावर १२ मे रोजी प्रसिद्ध झाला. ३ जूनपासून तो तुमच्या संकेतस्थळावर माझ्या तीन छायाचित्रांसह, पण माझ्या नावाशिवाय जसाच्या तसा दिसतो आहे. दोन्ही दुवे खाली देत आहे. मी यासाठी परवानगी दिलेली नाही. कृपया लेख आणि छायाचित्रं १७ जूनपर्यंत काढून मला तसं कळवा. अन्यथा तुमच्या होस्टिंग कंपनीकडे मी कॉपीराइटची लेखी तक्रार करेन.’

यात ‘चोर’ हा शब्द नाही, आणि ते योग्यच आहे. संकेतस्थळाच्या मालकाने मजकूर दुसऱ्याकडून लिहून घेतलेला असू शकतो. चोरी त्यालाही पत्रातूनच कळेल. अपमान झाला की माणूस लेख काढण्याऐवजी भांडत बसतो. पण ‘शक्य झाल्यास काढावा’ असंही लिहू नये. ठरावीक तारीख दिली नाही, तर पत्र नुसतं पडून राहतं. तो ‘खाली तुमचं नाव टाकतो’ म्हणाला, तर ते पत्करायचं की नाही, हे लेखिकेने ठरवायचं. नाव देणं म्हणजे परवानगी घेणं नव्हे.

भारतात कॉपीराइटसाठी नोंदणी सक्तीची नाही. लेख लिहिला की हक्क लेखकाचा. पण हा हक्क मांडणीवर असतो, माहितीवर नाही. आगळाला किती मीठ लागतं हे कुणीही आपल्या शब्दांत लिहू शकतो. तसं असेल तर हे पत्र पाठवूच नये, कारण निराधार धमकी देणाऱ्याविरुद्ध १९५७च्या कायद्याच्या कलम ६०नुसार समोरचाच न्यायालयात जाऊ शकतो.

मुदत उलटली, की whois मध्ये संकेतस्थळाचा आयपी पत्ता टाकून होस्टिंग कंपनीचा माग काढावा. अशा मध्यस्थाकडे तक्रार कशी करायची, ते २०१३च्या कॉपीराइट नियमांतल्या नियम ७५मध्ये दिलं आहे. तक्रारीत तथ्य वाटलं, तर मध्यस्थाने ३६ तासांत मजकूर बंद करायचा असतो. मात्र ही बंदी २१ दिवसांपुरती असते. तेवढ्यात न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर तो मजकूर पुन्हा खुला करण्याची मुभा मध्यस्थाला असते.