मावशींचा दिवस, मावशींची परवानगी

भाजीवालीच्या एका दिवसावर दहा मिनिटांची फिल्म करायची, तर सुरुवात मंडईत होत नाही. ती पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात होते. पुण्याच्या महात्मा फुले मंडईत सकाळी विकायला मांडलेली मेथी त्याआधी इथे आडत्याच्या गाळ्यासमोर ढिगात असते. पालेभाजीचा भाव शेकडा जुड्यांवर ठरतो. वरच्या जुड्या हिरव्यागार असतातच, म्हणून आमच्या मावशी हात खाली घालून मधली जुडी ओढतात, पानं फाकवून आत काळी पडलीत का बघतात, देठ मोडतात आणि मगच भाव विचारतात.

अशा फिल्ममध्ये ‘मावशी, परत एकदा करा’ म्हणायचं नसतं. कॅमेरा स्टँडवर लावायचा आणि शॉट निदान अर्धा मिनिट हलवायचा नाही. नवखा माणूस पाच सेकंदांत कॅमेरा वळवतो आणि जुडी उचलण्याचंच चित्र मिळतं. जुडी परत ढिगात टाकण्याचा निर्णय त्याच्या हातून निसटतो. मंडईची मुख्य इमारत 1886 सालची, उंच छपराची, त्यामुळे आत दिव्यांवरच भिस्त असते. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे. शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर ठेवलं नाही, तर काही दिव्यांखाली चित्रात काळे पट्टे सरकताना दिसतात.

हे सगळं शिकता येतं. खरी कसोटी परवानगीच्या बोलण्याची असते आणि ते बोलणं शूटिंगच्या आधी, दुपारी गिऱ्हाईक विरळ असताना करावं. भवानी व्हायच्या आधी तर कुणालाच छेडू नये. मावशींनी पहिला प्रश्न विचारला, “टीव्हीवर दाखवणार का?”

“टीव्हीवर नाही, यूट्यूबवर टाकू. म्हणजे तुमच्या गावचे, सोयरेधायरे, रोजची गिऱ्हाइकं, कुणीही कधीही बघू शकेल.”

त्या थोडा वेळ वाटाणा सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, “मग खरेदीची चिठ्ठी नका घेऊ. सकाळचा भाव कळला, की गिऱ्हाईक घासाघीस करत बसतं.”

त्यांचं म्हणणं रास्त होतं. खरेदी आणि विक्रीच्या भावात जो फरक दिसतो, त्यात हमाली असते, टेम्पोचं भाडं असतं आणि दुपारपर्यंत सुकून फेकावा लागणारा माल असतो. चिठ्ठीच्या शॉटमध्ये यातलं काहीच दिसत नाही, नुसता भाव दिसतो. पाहणाऱ्याला मावशी नफेखोर वाटल्या असत्या. आम्ही चिठ्ठी वगळली आणि त्याऐवजी संध्याकाळी सुकलेल्या जुड्या बाजूला काढताना त्यांचे हात टिपले. खर्चाची गोष्ट त्या शॉटने जास्त खरी सांगितली.

‘हो’ एकदा मिळाला म्हणजे काम संपलं, असं नाही. कॉलर माइक लावला, की तासाभरात माणूस तो विसरतो. मग शेजारणीशी घरचं बोलणं निघतं, सुनेचा फोन येतो. म्हणून माइकची परवानगी वेगळी मागायची आणि तो बंद कसा करायचा हे त्यांच्याच हाताने करून घ्यायचं. इंग्रजी फॉर्मवरची सही इथे फारशी उपयोगाची नसते. काय घ्यायचं, काय नाही, हे मराठीत बोलून रेकॉर्ड करावं आणि त्याची प्रत त्यांच्या फोनवर द्यावी.

फ्रेममध्ये येणाऱ्या बाकीच्यांचंही बघावं लागतं. उधारीच्या वहीत लोकांची नावं असतात, क्यूआर कोडच्या स्टिकरवर मालकाचं नाव असतं. बाहेर रस्त्यावर टोपली घेऊन बसलेल्यांना तर जास्त जपावं. 2014 च्या पथविक्रेता कायद्यात विक्री प्रमाणपत्राची तरतूद आहे, पण ते प्रत्येकीच्या हाती पोचलेलं नाही. जागेसकट चेहरा दिसला, की तिच्यावर कारवाई ओढवू शकते. तिने स्वतः हो म्हटलं नसेल, तर कॅमेऱ्याचा कोन बदलावा. आनंद पटवर्धनांच्या 1985 च्या ‘बॉम्बे अवर सिटी’मध्ये झोपडी पाडली गेलेली एक बाई चिडून विचारते, की हे चित्रीकरण करून आमचं काय भलं होणार? पटवर्धनांनी तो प्रसंग फिल्ममध्ये ठेवला. कॅमेरा हातात घेणाऱ्या प्रत्येकाने तो पाहावा.

शेवटचं बोलणं कच्चं संकलन दाखवताना होतं. सुनेशी फोनवर झालेली बाचाबाची आम्हाला फार आवडली होती. फिल्ममधला तो सर्वांत जिवंत क्षण होता. मावशींनी पाहिलं आणि म्हणाल्या, “एवढं काढा. घरात राहायचंय मला.” आम्ही तो काढला. फिल्म थोडी सपक झाली, तरी दुसरा योग्य मार्ग नव्हता. एकदा नेटवर गेलेलं पूर्ण मागे घेता येत नाही, कारण लोक उतरवून घेतात, पुढे पाठवतात.

तुम्हीही अशी फिल्म करणार असाल, तर संकलनाच्या वेळापत्रकात ही भेट आधीच धरून ठेवा. मंडईत दुपारी जा, फोनवर फिल्म पूर्ण दाखवा आणि मावशींनी ‘टाका आता’ म्हटल्यावरच अपलोड करा.