रक्तात काय असते आणि ते किती असते

गोठू न देता नळीत घेतलेले रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवले की त्याचे थर होतात. वर फिकट पिवळा प्लाझ्मा, साधारण ५५ टक्के. त्यात बहुतेक पाणीच, शिवाय प्रथिने व क्षार. तळाशी तांबड्या पेशी, सुमारे ४५ टक्के. मधल्या पातळशा पांढुरक्या थरात पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स असतात.

प्रौढाच्या शरीरात किलोमागे सुमारे ७० मिलिलिटर रक्त असते, म्हणजे ६० किलोच्या माणसात ४.२ लिटर. चरबीत रक्त कमी खेळते, त्यामुळे स्थूल माणसाचा असा हिशेब फुगतो. नवजात बाळात किलोमागे ८५ मिलिलिटर धरले, तरी ३ किलोच्या बाळात जेमतेम पाव लिटर भरते. प्रौढाला जाणवतही नाहीत असे २५ मिलिलिटर म्हणजे त्या बाळाचे दहा टक्के रक्त. म्हणून बाळाच्या तपासणीसाठी ते मोजूनमापूनच घ्यावे लागते.