कोसंबींचे सूत्र आणि हरवलेले अंतर

कार्ल्याच्या लेण्यांचा अभ्यास करणारे दामोदर धर्मानंद कोसंबी हे मुळात गणिती. 1944 मध्ये त्यांनी मांडलेले एक सूत्र आजही जनुकांचे नकाशे काढताना वापरले जाते.

बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांची जोडी तुकड्यांची अदलाबदल (क्रॉसओव्हर) करते. दोन जनुकांची जुळणी बदललेली संतती शेकडा किती, हे पुनर्संयोजनाचे प्रमाण. हीच टक्केवारी म्हणजे अंतर, असे अनेकदा धरले जाते. जवळच्या जनुकांना ते चालते, लांबच्यांना नाही.

पुणे ते लोणावळा प्रवासात गाडीने दोनदा रूळ बदलला, तर लोणावळ्याला ती मूळ रुळावरच दिसेल. फक्त दोन टोके पाहणाऱ्याला वाटेल, रूळ बदललाच नाही. दुहेरी अदलाबदल अशीच लपते.

समजा, क, ख, ग या ओळीने असलेल्या तीन जनुकांपैकी क-ख आणि ख-ग यांत प्रत्येकी 20 टक्के पुनर्संयोजन आहे, पण क-ग मध्ये 40 नव्हे, 34.5 टक्केच आढळले. कोसंबींच्या सूत्रात d हे अंतर आणि r हे पुनर्संयोजनाचे प्रमाण दशांशात:

d = 25 ln[(1+2r)/(1−2r)]

त्यानुसार 20 टक्क्यांचे 21.2 सेंटिमॉर्गन (नकाशाचे एकक) होतात आणि 34.5 टक्क्यांचे 42.4. आता बेरीज जुळते!

हॉल्डेन यांचे 1919 चे सूत्र अदलाबदली परस्परांपासून स्वतंत्र मानते. कोसंबी मात्र एक अदलाबदल शेजारची दुसरी काहीशी रोखते, हे धरतात. म्हणून त्यांचे अंतर कमी येते. नोंदीतल्या चुका मात्र कोणतेच सूत्र ओळखत नाही. एखाद्याच संततीत मधल्याच जनुकाची नोंद उलटी दिसली, तर आधी ती चाचणी पुन्हा करावी. खोटी दुहेरी अदलाबदल नकाशा उगाच लांबवते.