एप्रिलच्या बारा तारखा

तालुक्याच्या गावातली एक पतसंस्था. जुन्या ठेवींची खतावणी एक्सेलमध्ये चढवायचं काम तिथल्या क्लार्कबाईंकडे आलं. वहीत ५ एप्रिल २००९ची नोंद ५/४/०९ अशी होती. बाईंनी वर्ष पूर्ण करून `5/4/2009` असं टाइप केलं आणि पुढे गेल्या.

एप्रिलचं पान संपलं तेव्हा त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. काही तारखा चौकटीत उजवीकडे होत्या, काही डावीकडे. एक्सेल आकडे आणि तारखा आपणहून उजवीकडे लावतं, साधा मजकूर डावीकडे. डावीकडच्या सगळ्या तारखा १३ किंवा त्यापुढच्या होत्या.

कारण संगणकाच्या सेटिंगमध्ये होतं. तिथे तारखेची पद्धत अमेरिकन, म्हणजे आधी महिना, मग दिवस. `25/4/2009`मधला पंचविसावा महिना काही त्याला सापडेना, म्हणून त्याने तो मजकूर समजून तसाच ठेवला. `5/4/2009` मात्र त्याने बिनतक्रार ४ मे म्हणून घेतली. थोडक्यात, बिघडलेल्या दिसणाऱ्या तारखा शाबूत होत्या आणि नीटनेटक्या दिसणाऱ्या चुकल्या होत्या! एप्रिलचे पहिले बारा दिवस बारा महिन्यांच्या ४ तारखेला जाऊन बसले. त्यातला ४ एप्रिल तेवढा जागच्या जागी राहिला.

दहा हजारांच्या ठेवीवर ९ टक्के सरळ व्याज धरलं, तर ५ एप्रिलऐवजी ४ मे धरल्याने २९ दिवसांचं, म्हणजे साधारण ७१ रुपये ५० पैसे व्याज कमी पडतं. सभासद ते विचारायला येणारच.

सेटिंग बदलून भागलं नाही. एक्सेल तारखेच्या जागी एक आकडा साठवतं: ५ एप्रिल २००९साठी 39908, ४ मेसाठी 39937. चुकीचा आकडा एकदा आत गेला की सेटिंग बदलल्याने फक्त तो दिसतो कसा एवढंच बदलतं. मग उजवीकडच्या तारखांचे दिवस-महिने सूत्राने उलटवले:

```
=DATE(YEAR(A2),DAY(A2),MONTH(A2))
```

डावीकडच्यांसाठी Text to Columns उघडून DMY निवडलं. तरी एक मेख राहिलीच. काही पानं दुसऱ्या संगणकावर चढवलेली होती आणि तिथली सेटिंग भारतीय होती. त्या बरोबर तारखांवर हेच सूत्र चालवलं असतं, तर त्या नव्याने बिघडल्या असत्या.

रकमांची तपासणी त्यामानाने सोपी. `1,250/-` असं लिहिलेली रक्कम मजकूर ठरते आणि SUM ती मुकाट्याने वगळतं. पण वहीतली पानाची बेरीज जुळेना की चूक लगेच कळते. तारखांची बेरीज कुठून आणायची? वहीतल्या नोंदी तारखेच्या क्रमाने असतात, हे बाईंच्या कामी आलं. शेजारच्या रकान्यात त्यांनी `=A3>=A2` भरलं आणि जिथे FALSE आलं तिथे वहीचं पान उघडलं. काही ठिकाणी नोंदच खरोखर उशिरा केलेली निघाली. त्या ओळींपुढे त्यांनी शेरा लिहिला, तारखेला हात लावला नाही.