पाच ओळींची साडी

भंडारा जिल्ह्यातलं आंधळगाव कोशाच्या विणकामासाठी ओळखलं जातं. अशा गावात हल्ली साडीची मागणी फोटोतून येते. पण पाठवणाऱ्याने फोटो दोन्हीकडून पुसला आणि कुणी तो जपून ठेवलेला नसला, तर तो पुन्हा मिळत नाही. उरतं ते एवढंच, की कुणीतरी तो पाहिलेला असतो. त्या पाहणाऱ्याकडून पाच गोष्टी लिहून घ्याव्यात: काय, कुठे, केवढं, कोणता रंग, कोणत्या परिस्थितीत.

करवतकाठी साडी घ्या. ‘लाल काठाची कोसा साडी’ या वर्णनावर विणकर हात चालवू शकत नाही. करवतकाठीत तीन धोटे चालतात, दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक. काठाचा बाणा काठातच परततो आणि अंगाच्या बाण्याला जिथे अडकतो तिथे करवतीचे दात उमटतात. एकच धोटा फिरवला, तर लाल ताण्यावर कोशाचा बाणा पडून काठ मळकट दिसतो. म्हणून ‘काय’च्या ओळीत काठ एकरंगी भरीव होता की दोन रंगांची सरमिसळ होती, हे आधी यायला हवं. माग कसा भरायचा ते इथेच ठरतं.

जागा सांगताना डावं-उजवं टाळावं. साडी उलटी धरली की दोन्ही बदलतात. पदराकडून, अंगाकडून, काठाच्या बाहेरच्या कडेकडून असं सांगितलं, तर चूक होत नाही. उदाहरणार्थ, ‘दात काठातून अंगाकडे टोक केलेले, पदरावर नाहीत.’

मापात फोटो फसवतो. बाजूला हात किंवा पट्टी नसेल, तर चार बोटांचा काठ आणि सहा बोटांचा काठ सारखेच दिसतात. प्रमाण मात्र टिकतं. ‘दाताची उंची काठाच्या रुंदीच्या चौथ्या हिश्श्याएवढी’ हे आठवणीतून सांगता येतं. मग गिऱ्हाइकाने काठाची रुंदी तेवढी सांगितली, की दात आपोआप निघतो. काठ चार इंचांचा, तर दात एका इंचाचा.

रंगाचा मामला जास्त नाजूक. कोशाचा मूळ रंग मधापासून फिकट तपकिरीपर्यंत बदलतो आणि पिवळ्या दिव्याखाली सगळंच मधासारखं दिसतं. त्यामुळे रंग घरातल्या वस्तूशी जोडावा आणि उजेड कोणता होता ते परिस्थितीच्या ओळीत लिहावं. साडी नवी की वापरलेली, घडीत की अंगावर, हेही तिथेच येतं. जुन्या साडीचा उडालेला लाल हा मूळ रंग समजून सूत रंगवलं, तर गिऱ्हाईक नाराज होतं.

पाहिलेलं आणि अंदाजाने भरलेलं वेगळं ठेवणं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. माणूस मोकळी जागा सोडत नाही, पदर आठवत नसला तरी ‘नेहमीसारखाच’ म्हणतो. तिथे ‘दिसला नाही’ असंच लिहावं. मग वर्णन वाचून, फोटो न पाहिलेल्या तिसऱ्याने कागदावर काठ काढावा आणि पाहणाऱ्याला दाखवावा. चूक बहुधा दातांच्या टोकाच्या दिशेत सापडते. तो कागद पटला, तरी रंगवलेल्या सुताची छोटी लडी गिऱ्हाइकाला दिवसाच्या उजेडात दाखवून मगच ताणा मागावर चढवावा.